च्यवनप्राशाच्या चमच्यात साखर किती?



दिवाळी झाली, कारखान्यांचे बॉयलर पेटले आणि बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या लागल्या की आपल्याकडे थंडीही पाठोपाठ येते. याच दिवसांत बाजारात आवळा येतो आणि याच दिवसांत घरोघरी च्यवनप्राशाचा डबाही येतो. पूर्वी हा डबा शहरातल्या नोकरदाराच्या घरी दिसे. २०२० साली करोनाची साथ आली, केंद्राच्या आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी जी सूचना काढली तीत रोज सकाळी १० ग्रॅम च्यवनप्राश घ्यावा असे सांगितले, आणि तेव्हापासून तो वाडीवस्तीवरच्या फडताळातही जाऊन बसला. त्या सूचनेतले पुढचे वाक्य मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिले. मधुमेह्यांनी साखर नसलेला च्यवनप्राश घ्यावा, असे त्यातच लिहिले होते. ही सूचना म्हणजे करोनावरचा उपचार नव्हे, असेही त्याच कागदावर छापले होते.

आज आपण या एका डब्याचाच हिशेब मांडू. त्यात साखर किती, तूप किती, ती कशासाठी घातलेली असतात, आणि घरातल्या दोन माणसांनी, म्हणजे मधुमेह असलेल्या आजीने आणि चार वर्षांच्या नातवाने, तो खावा की नाही, खाल्ला तर किती. उसाचा आणि टनेजचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. त्या मानाने हा हिशेब सोपा आहे.

मुळात पाककृती काय आहे?

च्यवनप्राश हे आजकालच्या कंपन्यांचे संशोधन नव्हे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, पहिल्याच अध्यायात, रसायनांमध्ये त्याची कृती दिली आहे. म्हाताऱ्या च्यवन ऋषींना त्याने पुन्हा तारुण्य आले, अशी कथा आहे. कथा बाजूला ठेवून मापे पाहू. ५०० आवळे घ्यायचे. दशमुळांसह तीस-पस्तीस वनस्पती प्रत्येकी एक पल घेऊन त्यांच्याबरोबर ते पाण्यात शिजवायचे. काढा गाळून घ्यायचा, आवळ्यांच्या बिया आणि शिरा काढून गर वेगळा करायचा. तो गर तूप आणि तिळाचे तेल मिळून १२ पल घेऊन त्यात परतायचा. मग काढ्यात ५० पल खडीसाखरेसारखी साखर घालून त्याचा पाक करून लेह शिजवायचा. तो निवल्यावर ६ पल मध घालायचा, आणि वंशलोचन, पिंपळी, दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर यांची पूड मिसळायची.

पल म्हणजे आजच्या मापाने अंदाजे ४८ ग्रॅम. म्हणजे साखर झाली सुमारे २ किलो ४०० ग्रॅम, तूप-तेल मिळून सुमारे पावणेसहाशे ग्रॅम आणि मध तीनशे ग्रॅमला थोडा कमी.

आता गंमत अशी की ग्रंथात आवळे नगावर मोजले आहेत, वजनावर नाही. रानातला आवळा लहान, दहा-बारा ग्रॅमचा असतो. बागेतला कलमी आवळा तीस-चाळीस ग्रॅमचा भरतो. ५०० रानआवळे धरले तर पाच-सहा किलो फळ होते, कलमी धरले तर पंधरा-वीस किलो. साखर मात्र दोन्हीकडे तेवढीच. म्हणून आज वैद्य किंवा कारखानदार नगावर न जाता गराच्या वजनावर साखर घेतात. पुष्कळ ठिकाणी गराइतकी, तर काही ठिकाणी गराच्या दीडपट साखर पडते. परतताना आणि आटवताना गरातले पाणी निघून जाते, साखर मात्र तेवढीच राहते. त्यामुळे तयार मालात साखरेचा वाटा दिसतो त्याहून मोठा होतो.

साखर आणि तूप घालतात कशासाठी?

नुसत्या गोडीसाठी साखर घातलेली नसते. आवळ्याचा गर तसाच ठेवला तर दोन-चार दिवसांत त्यावर बुरशी धरते. दाट पाकात साखर पाणी धरून ठेवते, बुरशीला आणि जंतूंना वाढायला लागणारे पाणी मिळत नाही, म्हणून माल वर्षभर टिकतो. मोरावळ्याचे गुपितही हेच. म्हणून घरी च्यवनप्राश करताना कुणी मधुमेहाच्या भीतीने साखर निम्मी केली तर तो निम्माच गोड होतो, पण टिकत नाही. वर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, फेस आला, आंबूस दारूसारखा वास आला किंवा डब्याचे झाकण फुगले तर तो फेकून द्यावा. वरचा थर काढून खाली चांगला असेल अशी समजूत करून घेऊ नये. ओला चमचा डब्यात घातल्यानेही हेच होते.

तुपाचे काम वेगळे. गर तुपात परतला की त्यातले पाणी उडते, रंग येतो, कच्चट वास जातो आणि मसाल्याचा सुवास तुपात उतरून टिकतो. गर परतून तूप सोडू लागला म्हणजे झाला, ही जुनी खूण आहे.

तुपाची लोकांना भीती वाटते, पण इथे हिशेबात मोठा वाटा तुपाचा नसतो. ग्रंथाच्या मापानेसुद्धा तयार मालात तूप-तेल दहा टक्क्यांच्या आसपासच बसते, आणि बाजारच्या डब्यात ते बहुधा याहून कमी असते. वीस ग्रॅमच्या चमच्यात तूप एक-दोन ग्रॅम. पोळीला आपण याहून जास्त लावतो. ज्याला हृदयाचा विकार आहे किंवा रक्तातली चरबी वाढली आहे त्याने तेवढे तूप दिवसाच्या तुपात धरावे, म्हणजे झाले. खरा प्रश्न साखरेचा आहे.

डब्यावरचे बारीक अक्षर

दुकानात डबा हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. समोरच्या बाजूला पन्नास वनौषधींची जाहिरात असते, खरी गोष्ट मागे असते. च्यवनप्राश बहुधा आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याखाली विकला जातो. बिस्किटाच्या पुड्यावर असते तशी पोषणाची तपशीलवार चौकट त्यावर असेलच असे नाही. औषधी द्रव्यांची यादी 'प्रत्येक १० ग्रॅममध्ये' अशी असते आणि शेवटी एक ओळ येते, साखरेचा बेस, क्यू. एस. ही दोन अक्षरे म्हणजे 'आवश्यक तेवढे'. आवश्यक म्हणजे किती, ते लिहिलेले नसते. दहा ग्रॅमच्या हिशेबात औषधांची भर पडून जे काही उरते ते याच ओळीने भरून निघते.

काही डब्यांवर पोषणाची चौकट असते. तिथे दोन ओळी पाहाव्यात. एक 'कर्बोदके' आणि दुसरी 'त्यापैकी साखर'. आकडा १०० ग्रॅमचा असेल तर तोच टक्का समजावा. बाजारातल्या नेहमीच्या च्यवनप्राशात निम्म्याहून अधिक वजन साखरेचे असणे ही सामान्य गोष्ट आहे. पुढच्या हिशेबासाठी आपण १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅम साखर धरू. तुमच्या डब्यावर वेगळा आकडा असेल तर तो घाला, रीत तीच.

चमचा कोणता, हा खरा प्रश्न

औषधाच्या पत्रकात 'एक चमचा' असे असते. चमचा म्हणजे कोणता? चहाचा लहान चमचा सपाट भरला तर सात-आठ ग्रॅम, शीग लावली तर दहाच्या वर जातो. पोह्याचा चमचा चिकट मालाने भरून काढला की सहज वीस ग्रॅम उचलतो. घरोघरी डब्यात पोह्याचाच चमचा ठेवलेला असतो, कारण लहान चमचा तळापर्यंत पोहोचत नाही.

तुमच्या घरचा चमचा किती उचलतो ते पाहायला काटा लागत नाही. डबा उघडला त्या तारखेची खूण करा आणि रोज किती चमचे निघतात ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. डबा संपला की वजनाला चमच्यांनी भागा.

एक घर धरून चालू. आजी सकाळ-संध्याकाळ एक चमचा घेते आणि नातूही सकाळ-संध्याकाळ एक चमचा घेतो. दिवसाला चार चमचे झाले. एक किलोचा डबा पहिल्या तारखेला सकाळी उघडला आणि तेरा तारखेच्या सकाळी संपला. बारा दिवसांचे ४८ चमचे आणि तेराव्या सकाळचे दोन, एकूण ५०. एक किलो म्हणजे १००० ग्रॅम, त्याला ५० ने भागले की २० ग्रॅम आले. म्हणजे या घरचा चमचा वीस ग्रॅमचा आहे. मंत्रालयाने सांगितले होते दहा ग्रॅम, दिवसातून एकदा. हे घर माणशी चाळीस ग्रॅम घेत आहे, चौपट!

चाळीस ग्रॅममध्ये ६० टक्क्यांनी साखर झाली २४ ग्रॅम. सपाट लहान चमचा साखर पाच ग्रॅमची धरली तर जवळजवळ पाच चमचे साखर रोज एकेकाच्या पोटात जाते आहे. महिन्याला ७२० ग्रॅम आणि थंडीच्या तीन महिन्यांत दोन किलोहून अधिक. हीच साखर कुणी वाटीत घालून आजीपुढे ठेवली असती तर सूनबाईने हात धरला असता. औषधाच्या डब्यातून गेली म्हणून कुणी मोजली नाही.

मधुमेह असलेल्या आजीचे काय?

मधुमेहाची गोळी चालू असलेली माणसे पुष्कळदा चहातली साखर सोडतात, पेढा-लाडू नाकारतात आणि च्यवनप्राश मात्र निर्धास्तपणे घेतात. "ते औषध आहे, त्याला कसले पथ्य?" असे म्हणतात. रक्ताला मात्र औषधाची साखर आणि मिठाईची साखर यांत फरक कळत नाही. दहा ग्रॅमचा एक चमचा एखाद्या दिवशी घेतला तर आकाश कोसळत नाही, त्यात सहा ग्रॅम साखर असते. पण रोज चाळीस ग्रॅम, आणि तेही सकाळी रिकाम्या पोटी, हे पथ्य मोडल्यासारखेच आहे.

यात आयुर्वेदाचा अपमान होतो असे कुणी समजू नये. ज्या चरकसंहितेत पहिल्या अध्यायात च्यवनप्राश सांगितला आहे, त्याच ग्रंथात प्रमेहाच्या अध्यायात रोगाची कारणे दिली आहेत. बसून राहण्याचे आणि झोपेचे सुख, दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ, ही त्यातली ठळक कारणे होत. म्हणजे ज्यांनी च्यवनप्राश सांगितला त्यांनीच प्रमेह्याला गोडापासून सावध केले. च्यवनप्राश सांगितला तो कृश, क्षीण, खोकल्या-दम्याने खंगलेल्या माणसासाठी आणि म्हाताऱ्यासाठी. अंगात साखर उतू चाललेल्या माणसासाठी तो सरसकट सांगितलेला नाही. आपल्या वैद्यांना विचारा, तेही हेच सांगतील.

आजीला खात्री करून घ्यायची असेल तर तिच्याच रक्ताला विचारावे. एके दिवशी सकाळी नेहमीची न्याहारी, समजा एक भाकरी आणि भाजी, च्यवनप्राशाशिवाय घ्यावी आणि दोन तासांनी साखर तपासावी. दुसऱ्या दिवशी तेवढीच न्याहारी आणि सोबत नेहमीचा चमचा, आणि पुन्हा दोन तासांनी तपासणी. गोळ्या दोन्ही दिवशी तशाच आणि त्याच वेळी घ्याव्यात. ग्लुकोमीटर आता बऱ्याच घरांत असतो, नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. बहुतेक मधुमेह्यांसाठी जेवणानंतर दोन तासांनी आकडा १८० च्या आत राहावा असे डॉक्टर सांगतात. एका दिवसाच्या आकड्यावर निकाल देऊ नये, दोन-तीनदा पाहावे. थंडीचे तीन महिने रोज चमचा चालू असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, म्हणजे एचबीए१सी, करून घेतली की चित्र स्पष्ट होते.

दोन गोष्टी कधीही करू नयेत. प्रतिकारशक्तीचे काही सुरू केले म्हणून मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन आपल्या मनाने कमी करू नये. आणि अमुक चाटणाने मधुमेह मुळापासून जातो असे सांगणाऱ्या फेरीवाल्याकडून काहीही घेऊ नये. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने बंद आहे. जो कायदा मोडून विकतो, त्याने डब्यात काय घातले असेल याचा भरवसा कोण देणार?

आणखी एक बारीक गोष्ट. गोळी घेतल्यावर जेवण लांबले, हात कापू लागले, घाम सुटला, म्हणजे साखर उतरली, तर अशा वेळी च्यवनप्राश चाटत बसू नये. त्यातल्या तुपामुळे आणि गरामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. अशा वेळी तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठावा.

गुळाचा आणि 'शुगर फ्री' डबा

आता बाजारात गुळाचा च्यवनप्राशही मिळतो. उसाच्या पट्ट्यातल्या आपल्या मंडळींना तो ओळखीचा वाटतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर आणि बिजवडीच्या कारखान्यांची साखर ज्या उसाची होते, गुऱ्हाळाचा गूळही त्याच उसाचा. गुळात लोह आणि थोडी खनिजे असतात हे खरे. पण त्याचा बहुतेक भाग साखरच आहे, आणि मधुमेह्याच्या रक्तात त्याचा परिणाम साखरेसारखाच होतो. मधाचेही तेच. 'साखर घातलेली नाही' असे लिहून आत गूळ, मध किंवा खजूर असेल तर तो मधुमेह्याचा डबा नव्हे.

'शुगर फ्री' डब्यात उसाच्या साखरेऐवजी दुसरे गोड पदार्थ घालतात. त्यांतला सॉर्बिटॉल हा एक. तो साखरेपेक्षा रक्तात सावकाश आणि कमी उतरतो, पण अगदीच उतरत नाही असे नाही. शिवाय जास्त घेतला तर पोटात वायू धरतो आणि जुलाब होतात. म्हणून तो डबाही मापानेच घ्यावा, दहा ग्रॅम दिवसातून एकदा, आणि घेऊन पाहिल्यावर साखर तपासावी. ज्याला घ्यावासा वाटतो त्याने नेहमीच्या डब्याऐवजी हा घेणे बरे. ज्याला वाटत नाही त्याने न घेतल्याने काही बिघडत नाही.

नातवाचा चमचा

आता मुलांचे पाहू. पहिली आणि पक्की गोष्ट अशी की एक वर्षाच्या आतल्या बाळाला च्यवनप्राश बोटावर लावूनसुद्धा चाटवू नये. त्यात मध असतो. मधात एका जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. मग बाळ ढिले पडते, मान टाकते, दूध ओढत नाही, बद्धकोष्ठ होते. ही गोष्ट क्वचित घडते, पण घडली तर जिवावर बेतते. बाळाला मधाची घुटी न देण्याचे कारणही हेच. दोन वर्षांपर्यंत वरून साखर मुळीच देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून तोवर हा डबा बाळापासून दूरच असावा.

आपल्या हिशेबातला नातू चार वर्षांचा आहे. या वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे १३५० कॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने वरून घातलेली साखर यातल्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी असावी, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅमच्या आत, आणि निम्मी, म्हणजे १७ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले. नातू डब्यातून २४ ग्रॅम घेतो. दोन वेळच्या दुधात एकेक लहान चमचा साखर म्हणजे आणखी १० ग्रॅम. झाले ३४! शेवटची मर्यादा तिथेच गाठली. बिस्किट, गोळी, आजोबांच्या बशीतला चहा अजून हिशेबात धरलेलाच नाही.

याचे दोन परिणाम डोळ्यांना दिसतात. चाटण चिकट असते. ते दातांच्या फटीत राहते आणि रात्री झोपताना दिले तर रात्रभर तिथेच बसते. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत आधी पांढरट आणि मग तपकिरी रेघ दिसू लागली की कीड लागली असे समजावे. दुसरा परिणाम ताटावर दिसतो. न्याहारीआधी दूध आणि मोठा चमचाभर चाटण पोटात गेले की पोराला भाकरी-आमटी नको वाटते. मग आई म्हणते, पोराची भूक मेली, आणि भूक लागावी म्हणून आणखी एक चमचा देते. चरकाने च्यवनप्राशाचे माप सांगताना ग्रॅम किंवा पल सांगितले नाहीत. ज्याने जेवण अडणार नाही तेवढी मात्रा घ्यावी, असे सांगितले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे माप आजही चोख लागू पडते.

तीन-चार वर्षांवरच्या निरोगी मुलाला द्यायचाच असेल तर चहाच्या लहान चमच्याने अर्धा, दिवसातून एकदा, जेवणानंतर द्यावा आणि वर चूळ भरायला लावावी. त्या दिवशी दुधातली साखर काढून टाकावी. मूल वारंवार आजारी पडते, वजन वाढत नाही अशी तक्रार असेल तर त्याचे उत्तर डब्यात शोधू नये. अंगणवाडीत वजन करून घ्यावे, लसी वेळेवर झाल्या आहेत का ते कार्डावर पाहावे, आणि ताटात डाळ, अंडे, शेंगदाणा, पालेभाजी आहे का ते पाहावे. महिन्याला दोन डब्यांना जे पैसे पडतात त्यांत घरात अंडी आणि शेंगदाणे भरपूर येतात.

मग प्रतिकारशक्ती?

च्यवनप्राशाचा जीव आवळ्यात आहे, आणि आवळ्याची ख्याती 'क' जीवनसत्त्वासाठी. हे जीवनसत्त्व शरीराला हवे, यात वाद नाही. पण रोज घेतल्याने सर्वसाधारण माणसाला सर्दी होतच नाही असे आढळत नाही. फार तर झालेली सर्दी थोडी लवकर ओसरते. लसीचे काम तर कुठलेही चाटण करू शकत नाही. शिवाय शिजवताना आणि परतताना या जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो.

ताज्या आवळ्याचा हिशेब मात्र मोठा सरळ आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या तक्त्यात १०० ग्रॅम आवळ्यात सुमारे २५० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व दिले आहे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ८० मिलिग्रॅम लागते. म्हणजे पस्तीस ग्रॅमचा एक मध्यम आवळा दिवसाची गरज भागवतो, आणि त्यात वरून घातलेली साखर शून्य! आजीसाठी याहून चांगला पर्याय नाही. किसून, मीठ लावून, किंवा कोथिंबीर-मिरचीबरोबर वाटून चटणी करून तो भाकरीबरोबर घ्यावा. आंबट बाधणाऱ्याने उपाशी पोटी न घेता जेवणात घ्यावा. हंगाम संपत आला की आवळा किसून मीठ लावून वाळवावा. वाळवताना जीवनसत्त्व काही कमी होते, पण साखर मुळीच वाढत नाही. नातवाला हीच चटणी कमी तिखट करून भाताबरोबर चालते.

ज्या घरात कुणाला मधुमेह नाही, मोठी माणसे रोज शेतात राबतात आणि च्यवनप्राशाची चव आवडते, त्यांनी दहा ग्रॅमचा चमचा सकाळी जरूर घ्यावा. फक्त तो औषध म्हणून हिशेबाबाहेर न ठेवता दिवसाच्या साखरेत धरावा. चहात दोन चमचे घालत असाल तर त्या दिवशी एक घाला. आणि आज संध्याकाळी एक काम करा. फडताळातल्या डब्यातला पोह्याचा चमचा काढून तिथे चहाचा लहान चमचा ठेवा आणि डब्यावर आजची तारीख लिहा. डबा संपेल तेव्हा भागाकार केला की तुमच्या घरचे उत्तर तुमच्या हातात येईल.